खंडन झालं, उत्तर राहिलं

*सर, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वादविवाद स्पर्धेत विषय होता, 'बीटी कापसामुळे विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं भलं झालं आहे'. मी विपक्षात होते, खंडनाची दोन मिनिटं माझ्याकडे होती. पक्षाच्या मुलानं भाषणाच्या शेवटी विचारलं, 'शेतकरी मूर्ख आहे का? वीस वर्षं पदरचे पैसे मोजून तो हेच बियाणं घेतो. तोटा असता तर कधीच सोडलं असतं.' टाळ्या पडल्या. मी पाच मुद्दे पाठ करून गेले होते, याचं उत्तर पाचव्या नंबरवर होतं. चार झाले आणि घंटा वाजली. परीक्षक नंतर म्हणाले, 'बोललीस छान, पण त्याच्या प्रश्नाला उत्तर नाही दिलंस.' पुढच्या फेरीत हाच विषय आहे आणि बाजूही हीच. माझी संहिता सोबत पाठवते आहे. ती दोन मिनिटांत कशी बसवू? आमच्या घरीही पऱ्हाटीच असते आणि बाबा दरवर्षी बीटीच लावतात. त्यामुळे त्या प्रश्नावर काय बोलावं, ते मलाच सुचत नाही.*

*— एक विद्यार्थिनी, यवतमाळ जिल्हा*

तुझी दोन पानं आधी मनात वाचली, मग मोबाइलवर घड्याळ लावून मोठ्यानं वाचली. 306 शब्द, 2 मिनिटं 38 सेकंद. मध्ये ना टाळ्या, ना श्वास, ना माइक खालीवर करणं. स्टेजवरून शेवटच्या बाकापर्यंत समजेल असं मराठी बोलायचं तर मिनिटाला 110-115 शब्दांच्या पुढं जाऊ नये. त्या हिशेबानं दोन मिनिटांत सव्वादोनशे शब्द बसतात, आणि त्यातलेही वीस-पंचवीस अडखळण्यासाठी सोडायचे. म्हणजे तुझ्या हाती 200 शब्द आहेत. एवढं ठरलं की बाकीचं सोपं होतं, कारण 200 शब्दांत पाच मुद्दे मावतच नाहीत.

आता तो पाचवा मुद्दा. तू लिहिलं आहेस, 'राहता राहिला प्रश्न शेतकरी हे बियाणं का घेतो याचा, तर कंपन्यांच्या जाहिरातींना आपला भोळाभाबडा बळीराजा बळी पडतो.' घंटा वाजली ते बरंच झालं म्हणायचं. त्यानं विचारलं, शेतकरी मूर्ख आहे का, आणि तुझं उत्तर होतं, हो, पण भोळा असल्यामुळे. सभागृहात निम्मी पोरं कास्तकारांची. त्यांच्या बापांना तू भोळं म्हटलं असतंस आणि त्या मुलाला पुन्हा टाळ्या मिळाल्या असत्या.

तुला उत्तर सुचत नाही याचं कारण माझ्या मते एवढंच आहे, की तो मुद्दा तुला मनातून पटला आहे. तुझ्या घरचीच गोष्ट आहे ती. मग तो अर्धा पटलेला आहे हे उघडपणे कबूल करूनच खंडन लिहू.

त्याआधी बाकीच्या चार मुद्द्यांचं काय करायचं ते बघू. बियाण्याचे भाव, कंपन्यांची मक्तेदारी, 2017 साली आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधा आणि शेतकरी आत्महत्या. चारही गंभीर आहेत. पण एक परीक्षा घेऊन पाहा. समज, परीक्षकांनी हे चारही मुद्दे जसेच्या तसे मान्य केले. बियाणं महाग आहे, कंपन्या लोभी आहेत, फवारणीत माणसं गेली, सगळं खरं. तरीही ते म्हणू शकतात, 'असं असूनही शेतकरी तेच घेतो, म्हणजे त्याला काहीतरी मिळत असणार.' म्हणजे चार मुद्दे जिंकूनही त्याचं घर उभंच राहतं. आता उलटं कर. त्याचा हा एकच मुद्दा पडला असं धर. त्याच्याकडे उरतं काय? पहिल्या वर्षांचे फवारणीचे आकडे आणि देशाच्या सरासरी उत्पादनाचे आकडे. म्हणजे आढं हेच आहे, बाकीचे वासे. तू वासे मोजत बसलीस.

मी कॉलेजात असताना असाच हरलो होतो. विषय दारूबंदीचा होता. समोरचा म्हणाला, वर्ध्यात बंदी असूनही दारू मिळतेच ना, मग बंदीचा उपयोग काय? मी सव्वा मिनिट त्यानं चुकवलेलं एक साल दुरुस्त करण्यात घालवलं. साल माझंच बरोबर होतं. कुणालाही त्याचं काही पडलेलं नव्हतं.

आत्महत्यांचा मुद्दा तर मी या संहितेतून काढूनच टाकायला सांगेन, आणि कारण शब्दसंख्येचं नाही. बीटी कापसाला परवानगी मिळाली मार्च 2002 मध्ये. विदर्भातल्या आत्महत्यांच्या बातम्या त्याच्या चार-पाच वर्षं आधीपासून येत होत्या. एकट्या बियाण्यावर ते खापर फोडलंस की समोरचा हे एक साल काढेल आणि तुझं बाकीचंही संशयाचं होईल.

तर आता त्याचा मुद्दा. तो त्याच्याच शब्दांत, त्यालाही 'हो, हेच म्हणायचं होतं मला' असं वाटेल इतक्या प्रामाणिकपणे एका ओळीत लिही: शेतकरी दरवर्षी स्वतःच्या मर्जीनं बीटी घेतो, म्हणून त्याचं त्यात भलं आहे. अशा वाक्याला उत्तर देण्याच्या वाटा तीनच असतात. हे खोटं आहे असं म्हणता येतं. खरं आहे, पण त्यावरून तुमचा निष्कर्ष निघत नाही, असं म्हणता येतं. किंवा खरं आहे, निष्कर्षही निघतो, पण आमच्या बाजूचं वजन जास्त आहे, असं म्हणता येतं.

पहिली वाट बंद आहे. कापूस लावणाऱ्यांत बीटीचा वाटा 90 टक्क्यांच्या वर आहे, आणि तुझे बाबाही त्यातलेच. तिसऱ्या वाटेनं गेलीस तर पुन्हा त्या चार मुद्द्यांच्या वजनकाट्यावर जाऊन बसशील. दुसरीच वाट धरायची आणि त्याच्या वाक्याचा सांधा शोधायचा. तो 'मर्जीनं' या शब्दात आहे.

मर्जी म्हणायला गल्ल्यावर दोन वस्तू लागतात. बीटीचा गुण, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होणं, आपल्याकडे जवळजवळ सगळा संकरित वाणांमधून आला. सरळ वाणाची सरकी घरी ठेवून पुढच्या वर्षी लावता येते. संकराची लावली तर झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून मृगाच्या आधी दुकान गाठावंच लागतं. 'दरवर्षी पैसे मोजून घेतो' हे ऐकायला शेतकऱ्याच्या पसंतीच्या दाखल्यासारखं वाटतं, पण दरवर्षी घेणं हा संकराचा गुणधर्म आहे. इथं मात्र जपून बोल. संकरित कापूस बीटीनं आणला असं म्हणू नकोस. देशातला पहिला संकरित कापूस 1970 सालचा आहे, आणि विदर्भातही बीटीच्या आधी संकर होतेच. बीटीनंतर बदललं ते एवढंच, की कंपन्यांनी आपल्या बहुतेक संकरांत तो गुण घातला आणि काही वर्षांत बिगर-बीटी पाकिटं दुकानातून जवळजवळ दिसेनाशी झाली.

दुसरा सांधा मला याहून आवडतो, कारण तो त्याचंच माप घेऊन त्यालाच मोजतो. तो म्हणतो, खरेदी म्हणजे फायद्याचं माप. ठीक आहे. मग फायदा घटला की खरेदी घटायला हवी. बीटी आली तेव्हा त्रास होता अमेरिकन बोंडअळीचा. तिच्यावरच्या फवारण्या पहिल्या वर्षांत खरोखर कमी झाल्या, आणि हे तू स्वतःच्या तोंडानं म्हणायचं आहेस. पुढं गुलाबी बोंडअळी बीटीच्या विषाला सरावली, 2006 साली आलेल्या दोन जनुकांच्या बीटीलाही. 2017 च्या हंगामात काय झालं ते तू घरी पाहिलं असशील: फुलांच्या पाकळ्या आतून चिकटून झालेल्या डोमकळ्या, वरून धड दिसणारं बोंड आणि फोडलं की आत किडकी रुई. 2018 च्या पेरणीला तुमच्या गावानं काय लावलं? बीटीच. पीक अळीनं खाल्लं तरी माप जागचं हललं नाही. मग ते माप फायदा मोजत नव्हतं.

इथं दोन गोष्टी सांभाळ. 'बीटी फेल गेली' असं सरसकट म्हणू नकोस, कारण गुलाबी अळीपुढं निकामी ठरलेली बीटी अमेरिकन अळीवर अजून उपयोगी आहे आणि हे जाणणारा परीक्षक तिथंच पेन खाली ठेवेल. आणि 'कापसाचं क्षेत्र घटलं नाही' असंही म्हणू नकोस. बऱ्याच वावरांत कापसाच्या जागी सोयाबीन आलं आहे. तू बोलते आहेस कापूस लावणाऱ्यांतल्या बीटीच्या वाट्याबद्दल. 'वाटा' हा शब्द सोडायचा नाही.

आता संहिता. तुझी सुरुवात अशी आहे: 'सन्माननीय परीक्षक, माझे विद्वान प्रतिस्पर्धी आणि सुज्ञ श्रोतेहो, माझ्या प्रतिस्पर्ध्यांनी अत्यंत ओजस्वी शैलीत आपले विचार मांडले, परंतु सत्याच्या कसोटीवर ते किती उतरतात हे पाहणे मी माझे कर्तव्य समजते.' 28 शब्द, म्हणजे पंधरा सेकंद, आणि अजून तू काही म्हणालेलीच नाहीस. खंडनात वंदन नको, ते मुख्य भाषणात होऊन गेलेलं असतं. पहिलं वाक्य समोरच्याचं असू दे. मी असं लिहिलं आहे:

> माझे मित्र विचारतात, तोटा असता तर शेतकऱ्यानं हे बियाणं सोडलं नसतं का? प्रश्न रास्त आहे. शेतकरी मूर्ख नाही. माझे बाबा दरवर्षी बीटीच लावतात. पहिल्या वर्षांत अमेरिकन बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, हेही आम्हाला मान्य आहे.
>
> पण विकत घेणं हा फायद्याचा पुरावा केव्हा होतो? दुकानात दोन पाकिटं असतील तेव्हा. आमच्या तालुक्याच्या कृषी केंद्रात मी बिगर-बीटी कापसाचं पाकीट मागितलं. मिळालं नाही.
>
> आणि खरेदी हेच फायद्याचं माप असेल, तर फायदा घटला की खरेदी घटायला हवी. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं आमची बोंडं आतून खाल्ली. ती बीटीचीच बोंडं होती. 2018 मध्ये आमच्या गावानं काय लावलं? बीटीच. पीक गेलं, तरी माप हललं नाही. म्हणजे हे माप फायद्याचं नाही, पर्याय नसल्याचं आहे.
>
> विषय शेतकरी काय घेतो हा नाही, त्याचं भलं झालं का हा आहे. ते सिद्ध करायचं काम अजून पक्षाकडे बाकी आहे.

सव्वाशेच्या आसपास शब्द आहेत, म्हणजे एक मिनिटाच्या थोडं वर. तुझा पाचवा मुद्दा पहिला झाला आणि अर्धा वेळ त्यालाच मिळाला. उरलेल्या मिनिटात दोन मुद्दे कोंबायचा मोह होईल. एकच घे, आणि तोही त्यानंच काढलेला: उत्पादनवाढीचे आकडे. त्याला लांब उत्तर नको. ते आकडे देशाच्या सरासरीचे आहेत, त्यात ओलिताचा कापूसही आला. विषयात शब्द 'कोरडवाहू' आहे. आपल्याकडे बहुतेक संकर लांब मुदतीचे, पाऊस संपल्यावर हलक्या जमिनीत ओल तुटते, आणि बोंडं भरायची ऐन वेळ तीच असते. तेवढ्या दिवसांत गुलाबी अळीलाही खायला मिळत राहतं. ही चार वाक्यं झाली की थांब. वेळ उरला तर उरू दे. लवकर संपलेलं खंडन मी कित्येकदा ऐकलं आहे आणि त्याचे गुण कापलेले मला आठवत नाहीत.

लिहिताना एक खोड दिसली ती सांगतो. प्रत्येक ठाम वाक्यानंतर तू तेच वाक्य पुन्हा फुलवून लिहितेस. 'दुकानात पर्याय नाही' असं लिहून लगेच 'म्हणजेच शेतकऱ्याला पर्यायापासून वंचित ठेवण्यात आले आहे, त्याच्या निवडीच्या स्वातंत्र्यावर गदा आली आहे'. दुसऱ्या वाक्यानं पहिल्याची धार जाते. पानावर पेन्सिल घेऊन बस आणि जिथं जिथं 'म्हणजेच', 'थोडक्यात', 'याचाच अर्थ' आहे तिथून पुढचं खोडून पाहा. अर्थ तसाच राहिला तर ते परत लिहू नकोस. तुझ्या 306 मधले साठेक शब्द एवढ्यातच जातात, मी मोजले. कवितेच्या दोन ओळीही काढल्या आहेत. त्या मुख्य भाषणात घे, तिथं शोभतील.

हे सगळं पाठ करू नकोस. संहिता पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिही आणि पहिली ओळ कोरी ठेव. ती ओळ तो बोलत असताना भरायची, त्याच्या शब्दांत. या वेळचा वक्ता 'मूर्ख' म्हणेलच असं नाही. तो म्हणेल, 'शेतकऱ्यानं पायानं मतदान केलं आहे', किंवा म्हणेल, 'बाजार खोटं बोलत नाही'. त्यानं न वापरलेल्या शब्दाला तू उत्तर दिलंस की पाठांतर उघडं पडतं, आणि तुझं त्या दिवशी थोडं तसंच झालं. आणि त्यानं हा मुद्दा काढलाच नाही तर? तर तू काढायचा नाहीस. त्याचं आढं तू त्याला आणून देऊ नकोस. तेव्हा कार्ड उलटं कर आणि त्याच्या भाषणावर तीच परीक्षा लाव: कोणता मुद्दा पडला तर बाकीचं पडतं?

कार्डाच्या मागच्या बाजूला दोन राखीव ओळी असू देत. काही ठिकाणी परीक्षक शेवटी प्रश्न विचारतात, आणि जाणकार असतील तर या दोन जागी बोट ठेवतील.

पहिला प्रश्न असा येईल: बिगर-बीटी पाकिटं गेली ती शेतकऱ्यांनी मागणं सोडलं म्हणूनच ना? हा प्रश्न खरा आहे, टाळू नकोस. म्हण, हो, मागणी संपली, कारण तेव्हा अळी आटोक्यात होती. तेव्हाची पसंती तेव्हाच्या फायद्याचा पुरावा आहे, आजच्या नाही. एवढंच. तू आधीच पहिल्या वर्षांचा फायदा कबूल केला आहेस, त्यामुळे हे उत्तर माघार वाटत नाही. ती कबुली घालायला मी एवढा का आग्रह धरला ते आता लक्षात येईल.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: चोरबीटीचं काय? तणनाशक सहन करणाऱ्या त्या बियाण्याला परवानगी नाही, तरी शेतकरी ते शोधून घेतात. 2019 च्या जूनमध्ये तर अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं ते जाहीरपणे पेरलं. यापेक्षा उघड मर्जी कोणती? इथं गडबडून 'ते बेकायदेशीर आहे' असं म्हणू नकोस, तो मुद्दाच नाही. म्हण, ते बियाणं लोक घेतात निंदणाचा खर्च वाचावा म्हणून, ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत म्हणून. तो गुण तणनाशकाचा आहे, अळीचा नाही. विषय बीटीचा आहे. हे उत्तर पूर्ण आहे असा माझा दावा नाही. हुशार परीक्षक म्हणेल, पण शेतकरी निवड करू शकतो हे तर सिद्ध झालं. झालं. ते मान्य कर आणि बस. प्रत्येक प्रश्नाला शेवटचा शब्द आपलाच हवा, हा हट्ट धरलेली माणसं मी स्टेजवर वाया गेलेली पाहिली आहेत.

सराव मैत्रिणीसोबत कर. तिला तोच मुद्दा तीन वेगळ्या शब्दांत मांडायला सांग, तू दर वेळी कोरी ओळ भर आणि पुढं कार्ड वाच. पहिली ओळ आणि 'पण विकत घेणं' हे वाक्य नीट जुळतं का एवढंच तिनं ऐकायचं. घड्याळही तिच्या हातात दे.

आणि एक काम या आठवड्यात कर, नाहीतर संहितेतलं एक वाक्य खोटं ठरेल. कृषी केंद्रात जाऊन बिगर-बीटी कापसाचं पाकीट खरंच माग. मिळालं, तर ते वाक्य काढून टाक आणि 2017 च्या मुद्द्यावर पूर्ण भार दे, तो एकटाही उभा राहतो. नाही मिळालं, तर कोणत्या महिन्यात मागितलंस ते लक्षात ठेव, आणि बोलताना 'आमच्या तालुक्यात' एवढंच म्हण, 'विदर्भात' नको, कारण तू एकच दुकान पाहिलं आहेस. जाताना बाबांना सोबत ने. कॉलेजच्या पोरीला दुकानदार 'संपलं' म्हणून वाटेला लावेल. बाबांना तो सांगेल, 'कोण मागते आता थे?' आणि कदाचित शेवटचं पाकीट कोणत्या साली विकलं तेही.